एकच परिचय, तीन सूर: त्यातला कोणता ठेवायचा?

स्वतःचा परिचय लिहायला बसलं की बहुतेक जण एकच परिच्छेद घासत राहतात. एक विशेषण काढायचं, दुसरं घालायचं, पुन्हा पहिलं परत आणायचं, आणि कंटाळा आला की त्या क्षणी समोर जे असेल ते ठेवून द्यायचं. याने परिच्छेद गुळगुळीत होतो, पण त्याचा सूर योग्य आहे का ते कळत नाही, कारण तुलनेला दुसरं काही नसतंच.

यापेक्षा बरा मार्ग म्हणजे तोच मजकूर मुद्दाम तीन वेगळ्या सुरांत लिहायचा, तिन्ही मसुदे शेजारी ठेवायचे आणि पाच ठरावीक प्रश्न विचारून एक निवडायचा. निवांत बसलात तर दोन तासांचं काम आहे. खाली एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवते. उदाहरणातली व्यक्ती कल्पित आहे, म्हणून नावाची जागा मोकळी ठेवली आहे. ती फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतःचं केंद्र चालवते आणि तिला केंद्राच्या पानावर टाकायला एक परिच्छेद हवा आहे. तिने स्वतः लिहिलेला मजकूर असा:

> मी एक अत्यंत अनुभवी आणि समर्पित फिजिओथेरपिस्ट असून गेली ११ वर्षे या क्षेत्रात कार्यरत आहे. विविध रुग्णांना सर्वोत्तम उपचार देण्यात मला मनापासून आनंद मिळतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन हे माझे खास काम आहे. रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात काम केल्यानंतर मी स्वतःचं केंद्र सुरू केलं. त्यांनी अनेक विद्यार्थ्यांनाही घडवले आहे.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ‘मी’ म्हणता म्हणता ‘त्यांनी’ आलं. हे वाक्य बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या परिचयातून उचललेलं आहे. असं फार वेळा होतं आणि लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पण आत्ता ते दुरुस्त करू नका. आधी पाया नीट घालायचा आहे.

पायरी १: वाचणारा कोण आणि वाचून तो काय करणार

एका वाक्यात लिहा. ‘सर्वसामान्य लोक’ हे उत्तर चालणार नाही. आमच्या उदाहरणात उत्तर असं आलं: वडिलांच्या किंवा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, आणि दोन-तीन केंद्रांचे परिचय वाचून कुठे फोन करायचा हे ठरवणारी मुलगी किंवा मुलगा.

या वाक्यात एक गोष्ट आहे जी सहज सुटते. वाचणारा माणूस स्वतः पेशंट नाही. ज्याचा गुडघा दुखतोय तो पलंगावर आहे, फोन दुसऱ्याच्या हातात आहे. त्यामुळे ‘तुमचा गुडघा’ म्हणणारा मसुदा चुकीच्या माणसाशी बोलणार. हे आत्ताच लिहून ठेवलं तर पुढे तुलना करताना उपयोगी पडतं.

आणखी एक सवय इथे उघडी पडते. परिचय लिहिताना बहुतेकांच्या डोक्यात ग्राहक नसतो, आपल्याच व्यवसायातली माणसं असतात. ती काय म्हणतील या धास्तीने ‘पुनर्वसन’, ‘कार्यरत’, ‘क्षेत्रात’ असले शब्द येतात. त्या माणसांसाठी लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण मग वाचक म्हणून त्यांचंच नाव वरच्या वाक्यात घाला.

पायरी २: तथ्यांची यादी, एकही विशेषण न लावता

मूळ परिच्छेदातून फक्त पडताळता येतील अशा गोष्टी वेगळ्या काढा. ज्या अर्धवट आहेत त्या त्या व्यक्तीला विचारून पूर्ण करा. इथे अशी यादी झाली:

१. फिजिओथेरपीत पदव्युत्तर पदवी
२. ६ वर्षं रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात काम
३. ५ वर्षं स्वतःचं केंद्र
४. सध्याचं मुख्य काम: गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम आणि उपचार
५. पहिली भेट ४५ मिनिटांची
६. घरी करायचे व्यायाम लिहून देते
७. फिजिओथेरपीचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी केंद्रात येतात

पाचवा आणि सहावा मुद्दा मूळ परिच्छेदात नव्हताच. ‘पेशंट पहिल्यांदा आला की काय होतं?’ एवढंच विचारल्यावर ते निघाले. उलट ‘समर्पित’ आणि ‘सर्वोत्तम’ यांना यादीत जागा मिळाली नाही, कारण ते कोणी तपासून पाहू शकत नाही. ‘विद्यार्थ्यांना घडवले’ हे किती पातळ होतं तेही दिसलं. विद्यार्थी येतात, बघतात, मदत करतात, इतकंच.

यादीची खरी गरज पुढच्या तुलनेसाठी आहे. तिन्ही मसुद्यांत तीच सात तथ्यं असली पाहिजेत. एका मसुद्यात ‘पहिली भेट ४५ मिनिटांची’ आहे आणि दुसऱ्यात नाही असं झालं, तर पहिला वाचकाला जास्त आवडेल आणि तुम्हाला वाटेल की त्याचा सूर चांगला आहे. प्रत्यक्षात त्यात फक्त एक चांगली माहिती जास्त असते. नवख्यांची तुलना सर्वांत जास्त इथेच फसते.

पायरी ३: तीन मसुदे

मराठीत सूर बदलायला मुख्यतः चार गोष्टी हलवाव्या लागतात. कोण बोलतंय: ‘मी’ की ‘त्या’. क्रियापदं आणि विशेषणं कोणत्या रूपात आहेत: ‘केले, माझे, वर्षे’ की ‘केलं, माझं, वर्षं’. शब्द कुठले: ‘शस्त्रक्रिया, रुग्ण’ की ‘ऑपरेशन, पेशंट’. आणि वाक्य किती लांब. याहून जास्त काही हलवू नका. नवा विनोद, नवी आठवण, नवं बोधवाक्य यांना या टप्प्यावर प्रवेश नाही.

पहिला मसुदा, औपचारिक:

> (नाव) या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनातील तज्ज्ञ आहेत. फिजिओथेरपीतील पदव्युत्तर पदवी प्राप्त केल्यानंतर त्यांनी ६ वर्षे रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात काम केले असून गेली ५ वर्षे त्या स्वतःचे केंद्र चालवत आहेत. प्रत्येक रुग्णाच्या पहिल्या तपासणीसाठी ४५ मिनिटांचा वेळ राखून ठेवण्यात येतो व घरी करावयाच्या व्यायामांचा लेखी तक्ता देण्यात येतो. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना त्या प्रात्यक्षिकांचे मार्गदर्शनही करतात.

दुसरा मसुदा, बोलका:

> गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता पुढे काय, असा प्रश्न घेऊन येणाऱ्या माणसांसोबत मी काम करते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतर ६ वर्षं रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात होते, गेली ५ वर्षं माझं स्वतःचं केंद्र आहे. पहिल्या भेटीत आपण ४५ मिनिटं बसतो. आधी तुमचं सगळं ऐकून घेते, मग गुडघा तपासते. घरी करायचे व्यायाम लिहून देते, म्हणजे तुम्हाला काहीच लक्षात ठेवावं लागत नाही. फिजिओथेरपीचे विद्यार्थीसुद्धा माझ्याकडे शिकायला येतात.

तिसरा मसुदा, मोजका:

> फिजिओथेरपिस्ट, पदव्युत्तर पदवी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन: ११ वर्षांचा अनुभव (रुग्णालयाचा अस्थिरोग विभाग ६ वर्षे, स्वतःचे केंद्र ५ वर्षे). पहिली तपासणी ४५ मिनिटे. घरच्या व्यायामांचा लेखी तक्ता. विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक प्रशिक्षण.

तिन्ही मसुदे एकाच कागदावर, एकाच अक्षरात, एकाच आकारात घ्या. शक्य असेल तर छापून. ज्या मसुद्यावर तुम्ही सर्वांत शेवटी काम केलं असेल तो काही काळ उगाचच छान वाटतो, म्हणून रात्र मध्ये जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या क्रमाने वाचा.

पायरी ४: सूर बदलताना अर्थ कुठे सरकला ते शोधा

आवडनिवड अजून बाजूला ठेवा. आधी पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यावर तथ्याचा आकडा लिहायचा: हे १ आणि २, हे ५, हे ७. ज्या शब्दांना कुठलाच आकडा लावता येत नाही त्यांना गोल करा. गोल केलेल्या शब्दांत दोन प्रकार सापडतात. काही फक्त सुराचे असतात, ते चालतात. काही मात्र नवीन दावा करत असतात, आणि ते लिहिताना कोणी ठरवून घातलेले नसतात. सुराने ओढून आणलेले असतात.

औपचारिक मसुद्यात ‘तज्ज्ञ’ याला आकडा मिळत नाही. यादीत ‘मुख्य काम’ आहे. मुख्य काम असणं आणि तज्ज्ञ असणं यात फरक आहे, आणि वैद्यकीय कामात तो हलक्यात घेण्यासारखा नाही. तो शब्द आला कसा? ‘त्या अमुक करतात’ असं साधं म्हटलं तर औपचारिक सुरात वाक्य उघडं वाटतं, म्हणून हात आपोआप पदवीकडे, बिरुदाकडे जातो. ‘मार्गदर्शनही करतात’ याचंही तसंच. वाचणाऱ्याला वाटेल की या बाई कुठल्या तरी महाविद्यालयात शिकवतात.

औपचारिक मसुद्यात आणखी एक सरकणं आहे, ते गोल करून सापडत नाही. ‘वेळ राखून ठेवण्यात येतो’, ‘तक्ता देण्यात येतो’. कोण ठेवतं, कोण देतं? यादीत ते काम ती स्वतः करते. या रचनेत कर्ता गळाला आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर स्वागतकक्षातला कर्मचारी आला. लहान केंद्राचं खरं बळ हेच असतं की ती व्यक्ती स्वतः भेटते, आणि सुराने नेमकं तेच पुसून टाकलं.

बोलक्या मसुद्यात गोल करायला जास्त सापडतं. ‘आधी तुमचं सगळं ऐकून घेते’ हे यादीत नव्हतं. तिला विचारलं, खरं निघालं, पण ‘सगळं’ नको म्हणाली, कारण ४५ मिनिटांत तपासणीही करायची असते. मग ‘ऐकून घेते’ एवढं यादीत आठवं तथ्य म्हणून घातलं. असं तथ्य सापडलं की ते बाकीच्या दोन मसुद्यांतही घाला, नाहीतर तुलना पुन्हा वाकडी होते. आम्ही पहिल्यात ‘रुग्णाचे म्हणणे ऐकून’ हे शब्द घातले, तिसऱ्यात ‘पहिली भेट (संवाद व तपासणी) ४५ मिनिटे’ असं केलं. ‘तुम्हाला काहीच लक्षात ठेवावं लागत नाही’ हे मात्र वचन आहे, आणि खोटं आहे. व्यायाम कसा करायचा, कुठे थांबायचं हे लक्षात ठेवावंच लागतं. आपुलकीच्या सुरात अशी छोटी वचनं फार पटकन शिरतात, म्हणून त्या मसुद्यात ‘म्हणजे’ नंतर येणारा भाग विशेष बारकाईने वाचा.

मोजक्या मसुद्यात एकही शब्द गोल झाला नाही. तरी सर्वांत मोठी चूक तिथेच आहे. ‘गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन: ११ वर्षांचा अनुभव’. दोन खरी तथ्यं एका विसर्गासारख्या चिन्हाने जोडली आणि तिसरं, कुणीही न म्हटलेलं तयार झालं. अस्थिरोग विभागातल्या ६ वर्षांत ती खांदे, कंबर, हातपाय असं सगळंच बघत होती. गुडघा हे मुख्य काम झालं ते केंद्र सुरू केल्यावर. क्रियापदं काढून टाकली की वाक्यांमधले संबंध वाचक स्वतः जोडतो, आणि तो उदारपणे जोडतो. तुटक मसुदा प्रामाणिक वाटतो म्हणून त्याची तपासणी सैल करू नका.

दावे दुरुस्त करून तिन्ही मसुदे पुन्हा समपातळीवर आणा. आता उरला तो खरोखर सुराचा फरक.

पायरी ५: पाच प्रश्न

हे प्रश्न याच क्रमाने विचारा. पहिले दोन गाळणीचे आहेत. तिथे ‘नाही’ आलं तर मसुदा बाजूला, पुढचं बघायचं कारण नाही.

☐ ही व्यक्ती हे सगळं समोरच्या अनोळखी माणसाला, न अडखळता, मोठ्याने म्हणू शकेल का?

☐ जिथे हा परिच्छेद बसणार आहे तिथल्या बाकीच्या मजकुरात ‘मी’ किंवा ‘त्या’ खटकणार नाही ना?

☐ पहिल्या वाक्यात वाचकाला त्याचं स्वतःचं काम सापडतं का?

☐ पायरी १ मधल्या वाचकाला प्रत्येक शब्द पहिल्या वाचनात कळेल का?

☐ सूर शेवटच्या शब्दापर्यंत एकच आहे का?

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडं सांगायला हवं. तो फक्त ‘मी’ असलेल्या मसुद्यासाठी नाही. ‘त्या’ असलेला मजकूरही कोणीतरी त्या व्यक्तीसमोर वाचून दाखवल्यावर तिला खाली बघावंसं वाटत असेल, तर तो मजकूर तिचा नाही. खरंच मोठ्याने वाचायला लावा. जिथे ती स्वतःच्या नकळत शब्द बदलते तिथे तिचा बदल बहुधा बरोबर असतो.

यादीत ‘मजकूर प्रभावी आहे का’ किंवा ‘व्यावसायिक वाटतो का’ असा प्रश्न मुद्दाम नाही. अशा प्रश्नांना उत्तर देताना माणूस आपल्याला आधीच आवडलेल्या मसुद्याला हो म्हणतो.

पायरी ६: उदाहरणावर प्रश्न लावून बघू

औपचारिक मसुदा पहिल्या प्रश्नावरच हेलकावला. वाचताना ती ‘करावयाच्या’ला अडखळली आणि ‘देण्यात येतो’चं ‘देते’ करून मोकळी झाली. दुसऱ्या प्रश्नावर तो पडलाच. केंद्राच्या पानावर वरच्या ओळीत ‘मला फोन करा’ असं आहे. तिथून दोन ओळी खाली ‘त्या स्वतःचे केंद्र चालवत आहेत’ वाचलं की ही दुसरीच कोणी बाई वाटते. हाच मसुदा एखाद्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाने वाचायचा असता तर उलट झालं असतं, कारण तिथे बोलणारा खरोखरच दुसरा माणूस असतो.

मोजका मसुदा पहिल्या दोन प्रश्नांतून सुटला, कारण त्यात ना ‘मी’ आहे ना ‘त्या’, आणि म्हणायला जड जाईल असं काही नाही. तिसऱ्या प्रश्नाला निम्मं हो: काम सापडतं, पण आधी पदवी ओलांडावी लागते. चौथ्यावर अडकला. ‘पुनर्वसन’ हा डॉक्टरांचा रोजचा शब्द आहे, वडिलांसाठी केंद्र शोधणाऱ्या मुलाचा नाही. तो शब्द काढून सोपं लिहायला गेलं की मोजकेपणा जातो, म्हणजे या सुराची आणि या वाचकाची जोडीच जमत नाही.

बोलका मसुदा पाचांपैकी चारांना हो म्हणतो. पहिलं वाक्य तर थेट वाचकाच्या डोक्यातला प्रश्नच आहे. पण चौथ्या प्रश्नावर एक वेगळीच अडचण निघते. ‘पहिल्या भेटीत आपण ४५ मिनिटं बसतो’ यातला ‘आपण’ म्हणजे कोण? मी आणि तुम्ही मिळून, की आदराने फक्त तुम्ही? नीट वाचलं तर कळतं, पण क्षणभर पाय अडतो. शिवाय ‘तुमचं ऐकते’ हे मुलाला उद्देशून झालं, गुडघा वडिलांचा आहे.

म्हणजे बोलका मसुदा निवडायचा, पण आहे तसा नाही.

पायरी ७: एका परक्या माणसाला वाचायला द्या

तुमचं उत्तर आधी कागदावर लिहून ठेवा आणि मग पायरी १ मधल्या वाचकाशी साम्य असलेल्या एका माणसाला बोलवा. व्यवसायातला मित्र नको. त्याला तिन्ही मसुदे एकदम दाखवू नका, नाहीतर तो परीक्षक होतो आणि वाक्यरचनेवर बोलायला लागतो. निवडलेला एकच द्या, वाचून झाल्यावर कागद काढून घ्या आणि दोन गोष्टी विचारा: ‘ही व्यक्ती काय करते?’ आणि ‘फोन केलास तर पहिलं काय विचारशील?’

‘आवडलं का?’ हे विचारून उपयोग नाही, समोरचा भला माणूस हो म्हणतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कामाचं असतं. त्याने वेळ किंवा दिवस विचारला तर परिच्छेदाने काम केलं. ‘पण त्या नक्की गुडघ्याचंच बघतात ना?’ असं विचारलं तर पहिल्या वाक्यात काहीतरी धूसर राहिलं आहे. उदाहरणातल्या वाचकाने विचारलं, ‘विद्यार्थी तपासतात का?’ हा प्रश्न मसुद्यातल्या शेवटच्या वाक्याने निर्माण केला होता. तिथे लिहिणारीच्या मनात अभिमान होता, वाचणाऱ्याच्या मनात धास्ती उभी राहिली.

पायरी ८: निवडलेल्याची दुरुस्ती, ठिगळं न लावता

आता एक मोह होतो. पहिल्या मसुद्यातलं अनुभवाचं वाक्य छान आहे, तिसऱ्यातला आटोपशीरपणा छान आहे, मग तिन्हींतलं चांगलं एकत्र का करू नये? करू नका. दुसऱ्या मसुद्यातली माहिती घ्यायला हरकत नाही, वाक्य उचलून आणू नका. आणलेलं वाक्य आपल्यासोबत आपली ‘केले’, ‘असून’, ‘प्राप्त’ घेऊन येतं, आणि तुम्ही पुन्हा त्या मूळ परिच्छेदाजवळ पोचता जिथे ‘केलं’ आणि ‘घडवले’ शेजारी नांदत होते. हवी असलेली माहिती निवडलेल्या सुरात नव्याने लिहा.

दुरुस्तीनंतरचा परिच्छेद:

> गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर पुढचे व्यायाम आणि उपचार हे माझं मुख्य काम आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतर ६ वर्षं मी एका रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात होते, तिथे सगळ्याच प्रकारचे पेशंट बघितले. गेली ५ वर्षं माझं स्वतःचं केंद्र आहे. पहिली भेट ४५ मिनिटांची असते. आधी पेशंटचं ऐकून घेते, मग गुडघा तपासते. घरी करायचे व्यायाम लिहून देते, म्हणजे सोबत येऊ न शकलेल्या घरच्या माणसालाही ते बघता येतात. फिजिओथेरपीचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी केंद्रात असतात, पण तपासणी मी स्वतः करते.

काय बदललं ते बघा. ‘आता पुढे काय’ हा प्रश्न गेला. तो मला आवडला होता, पण शेजारच्या दोन-तीन परिचयांत ‘काळजी करू नका’ छापाची सुरुवात असण्याची शक्यता बरीच, आणि त्यांच्यात साधं विधान जास्त ठळक दिसतं. यावर दुमत होऊ शकतं. ‘तुमचं’च्या जागी ‘पेशंटचं’ आलं. खोटं वचन काढून त्या जागी लेखी व्यायामांचा खरा उपयोग आला, आणि तो नेमका वाचणाऱ्या मुलाला लागू पडतो. ‘अस्थिरोग’ राहू दिला, कारण रुग्णालयातल्या पाटीवर तोच शब्द त्याने वाचलेला असतो. शेवटच्या वाक्याने धास्तीला उत्तर दिलं, अर्थात तिच्याकडून खातरी करून घेतल्यावरच.

शेवटी रूपांची एक फेरी मारा. या परिच्छेदात ‘वर्षं, माझं, पेशंटचं’ असं बोलीचं रूप धरलं आहे, तर कुठेही ‘वर्षे’ किंवा एकवचनी नामाला लागून ‘माझे’ शिल्लक नाही ना ते बघा. ‘व्यायाम’ अनेकवचनी आहे, म्हणून ‘करायचे व्यायाम’ बरोबरच आहे. घाईत सगळ्या ‘े’चे अनुस्वार करत सुटलात तर ‘करायचं व्यायाम’ होऊन बसतं. ही फेरी डोळ्यांनी मारण्यापेक्षा मोठ्याने वाचून मारा, कान लगेच पकडतो.

बाकीचे दोन मसुदे फेकू नका. दावे दुरुस्त केलेला औपचारिक मसुदा व्याख्यानाच्या किंवा पुरस्काराच्या निवेदनासाठी ठेवा, फक्त ‘देण्यात येतो’चं ‘त्या देतात’ करा. मोजका मसुदा सूचीसाठी किंवा जिथे अक्षरांची मर्यादा असते तिथे चालतो, मात्र ‘११ वर्षे’ आणि ‘गुडघा’ यांच्यामध्ये पूर्णविराम हवाच. तिन्ही एकाच फाइलमध्ये, वर तथ्यांची यादी आणि तारीख घालून ठेवा. ‘गेली ५ वर्षं’ पुढच्या वर्षी चुकीचं ठरणार आहे. पुन्हा पुन्हा बदलायचा कंटाळा असेल तर केंद्र सुरू केल्याचं साल लिहा आणि ‘पासून’ जोडा. यादीत एखादं तथ्य बदललं की तिन्ही मसुद्यांत त्या आकड्याचं वाक्य शोधून तेवढंच बदलायचं.